नीटनेटका फोटो आणि नेटकं गणित

मार्चमधली परीक्षा जवळ आली की दहावीच्या आमच्या गटात रोज संध्याकाळी गणितांचे फोटो येऊ लागतात. 2020 च्या टाळेबंदीत ही पद्धत सुरू झाली. शाळा पुन्हा भरू लागल्या तरी ती गेली नाही. मुलं वहीत गणित सोडवतात, मोबाईलवर फोटो काढतात आणि पाठवतात. सांगली, मिरज, तासगाव, जत अशा वेगवेगळ्या गावांतले आम्ही काही गणित शिक्षक ते फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहतो आणि त्यातला एक 'आदर्श' म्हणून सगळ्या मुलांना परत पाठवतो. माझा आक्षेप या शेवटच्या पायरीवर आहे. गेली दोन वर्षं मी बैठकीत तो तोंडी मांडतो आहे, आता लिहूनच मांडतो.

ज्या एका गणितावरून माझं मत पक्कं झालं, तेच आधी सांगतो. गणित वर्गसमीकरणावरचं होतं, साधं शाब्दिक उदाहरण. हळदीची पोती भरलेला एक टेम्पो 120 किमी अंतर एकसमान वेगाने जातो. त्याचा वेग ताशी 10 किमीने जास्त असता, तर त्याला 1 तास कमी लागला असता. टेम्पोचा मूळ वेग काढा.

पहिला फोटो असा होता की पाहताक्षणी मन प्रसन्न व्हावं. आखीव कागद, निळं पेन, बरोबरीची चिन्हं एकाखाली एक, कुठेही खाडाखोड नाही. त्यात एवढंच लिहिलं होतं:

120/x − 120/(x + 10) = 1
120x + 1200 − 120x = x² + 10x
x² + 10x − 1200 = 0
(x + 40)(x − 30) = 0
x = 30

शेवटच्या ओळीभोवती पट्टीने आखलेली दुहेरी चौकट होती.

दुसरा फोटो तिरका आला होता. एका कोपऱ्यावर अंगठ्याची सावली पडलेली. अक्षर लहान, ओळी चढत गेलेल्या, आणि पानाचा वरचा तिसरा हिस्सा एका मोठ्या फुलीने खोडलेला. खोडलेल्या भागात त्याने 120/(x + 10) − 120/x = 1 असं समीकरण मांडलं होतं. ते सोडवता सोडवता तो x² + 10x + 1200 = 0 वर आला, तिथे विवेचक काढला, 100 − 4800 = −4700, आणि थांबला. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: "वेग वाढला की वेळ कमी. उलटं मांडलं." मग खाली नव्याने सुरुवात: "समजा, टेम्पोचा मूळ वेग ताशी x किमी. लागणारा वेळ 120/x तास. वाढलेला वेग ताशी (x + 10) किमी, तेव्हाचा वेळ 120/(x + 10) तास." पुढे तेच समीकरण, तेच अवयव, मग "x = −40 किंवा x = 30. परंतु वेग ऋण नसतो, म्हणून x ≠ −40." त्याखाली ताळा: 120 ÷ 30 = 4, 120 ÷ 40 = 3, 4 − 3 = 1. आणि सावलीत अर्धं बुडालेलं वाक्य: "टेम्पोचा मूळ वेग ताशी 30 किमी."

बैठकीत जवळजवळ सगळ्यांनी पहिला फोटो निवडला. कारण विचारलं तर कुणी म्हणालं, पायऱ्या स्पष्ट आहेत. कुणी म्हणालं, उत्तर लगेच दिसतं. एक मॅडम म्हणाल्या, "सर, मुलांना दाखवायचं तर हेच दाखवायला हवं ना?" मीही त्या दिवशी गप्प बसलो, कारण पहिल्या नजरेत मलाही तोच आवडला होता.

घरी आल्यावर मी दोन्ही उत्तरं एकाच पेनाने, माझ्या अक्षरात, दोन कोऱ्या कागदांवर उतरवली. खोडलेला भागही तसाच उतरवला आणि त्यावर फुली मारली. मग बैठकीला नसलेल्या चार ओळखीच्या शिक्षकांना ते कागद दाखवून विचारलं, यातलं कोणतं गणित जास्त चांगलं सोडवलंय? चौघांनीही दुसऱ्यावर बोट ठेवलं. एकाने तर पहिल्याबद्दल विचारलं, "हे मधूनच का सुरू झालंय?" गणितं तीच, ओळीही त्याच. बदललं होतं ते फक्त अक्षर, आणि निवड उलटली.

असं का व्हावं, याचं उत्तर नवं नाही. एखाद्या माणसाचा एक गुण नजरेत भरला की आपण त्याचे बाकीचे गुणही त्याच रंगात पाहतो, हे थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्येच दाखवलं होतं. त्याच्याही आधी, 1913 मध्ये, स्टार्च आणि एलियट या दोघांनी अमेरिकेत भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर गणित शिक्षकांकडून तपासून घेतली. गुण 28 पासून 90 च्या पुढेपर्यंत पसरले. गणितात उत्तर एकच असतं, तेव्हा तपासणीही एकसारखीच होणार, या समजुतीला त्यातून चांगलाच धक्का बसला. उत्तर एक असलं तरी तिथवर जाणारा कागद वाचायचा असतो, आणि वाचणारा माणूसच असतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की फोटोंची तुलना करताना पायऱ्यांचा क्रम, अंतिम उत्तर आणि मांडणी या तीन गोष्टी एका नजरेत पाहायच्याच नाहीत. आधी फक्त क्रम पाहायचा. मग फक्त उत्तर. मांडणी अगदी शेवटी, आणि तीही एकाच कसोटीवर: या मांडणीमुळे क्रम वाचायला मदत झाली का? 'पायऱ्या स्पष्ट आहेत' असं बैठकीत म्हणणाऱ्यांनी खरं तर मांडणी पाहिली होती आणि तिला क्रमाचं नाव दिलं होतं.

क्रम पाहायचा म्हणजे नक्की काय करायचं? प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: तू कुठून आलीस? वरच्या ओळीतून, दिलेल्या माहितीतून, की शिकलेल्या एखाद्या नियमातून? पहिल्या फोटोतल्या पहिल्याच ओळीला याचं उत्तर देता येत नाही. x म्हणजे वेग, हे कुठेच लिहिलेलं नाही. गणित तपासणाऱ्याला ते माहीत असतं, म्हणून तो मनातल्या मनात भरून घेतो आणि श्रेय मुलाला देतो. चौथ्या आणि पाचव्या ओळींच्या मध्येही एक गाळलेली जागा आहे. (x + 40)(x − 30) = 0 मधून दोन किमती मिळतात. त्यातली −40 कुठे गेली? ती का टाकली हे त्या मुलीला माहीत होतं, की ऋण किंमत नेहमी टाकायचीच असते अशी सवय लागली होती, हे फोटोवरून कळायला मार्ग नाही. उद्या तापमानावरचं गणित आलं तर ऋण किंमत टाकून चालणार नाही. ज्याने कारण लिहिलं, त्याला ते तिथे कळेल. ज्याने नुसतीच किंमत गाळली, त्याच्याबद्दल आपल्याला काही सांगता येत नाही.

वर्गात यासाठी मी एक खेळ घेतो. उत्तराच्या ओळी वेगवेगळ्या पट्ट्यांवर लिहून मिसळायच्या आणि दुसऱ्या मुलाला त्या क्रमाने लावायला सांगायच्या. दुसऱ्या फोटोतल्या उत्तराच्या पट्ट्या मुलं न चुकता लावतात, कारण प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीला धरून असते. खरी गंमत त्रिकोणमितीच्या सिद्धतेत येते. समजा सिद्ध करायचं आहे:

secθ + tanθ = cosθ/(1 − sinθ)

बरीच मुलं हीच ओळ पहिली लिहितात आणि तिरकस गुणाकार करतात. मग (1 + sinθ)(1 − sinθ) = cos²θ, मग 1 − sin²θ = cos²θ, आणि शेवटी cos²θ = cos²θ, खाली "सिद्ध झाले". फोटो देखणा असतो, बीजगणितात एकही चूक नसते. पण जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरून सुरुवात केलेली असते. आता याच पट्ट्या खालून वर लावा. 1 − sin²θ = cos²θ हे माहीत आहे. डाव्या बाजूचे अवयव पाडा. मग दोन्ही बाजूंना cosθ(1 − sinθ) ने भागा, अर्थात ते शून्य नसताना. (1 + sinθ)/cosθ = cosθ/(1 − sinθ) मिळतं, आणि डावी बाजू म्हणजेच secθ + tanθ. ही झाली सिद्धता. ओळी त्याच आहेत, वाचायची दिशा तेवढी उलटी झाली.

दिशेने एवढा काय फरक पडतो, असं मुलं विचारतात. त्यांना मी फळ्यावर 3 = −3 लिहून दाखवतो. दोन्ही बाजूंचा वर्ग करा, 9 = 9. शेवटची ओळ अगदी खरी आहे, म्हणून पहिली खरी ठरत नाही. वर्ग केल्यावर उलट परत येता येत नाही. सिद्धतेत प्रत्येक पायरी उलट चालते का, हे तपासायची जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे. डाव्या बाजूपासून निघून उजवीकडे पोहोचण्याचा आग्रह आपण धरतो तो यासाठीच. फोटो तुलनेला ठेवताना ही चूक सगळ्यात हमखास निसटते, कारण तिला लाल पेनाने गोल करता येईल अशी चुकीची ओळच नसते.

आता अंतिम उत्तर. चौकट म्हणजे स्पष्ट उत्तर नव्हे, हे मला ठासून सांगायचं आहे. प्रश्न होता, टेम्पोचा मूळ वेग काढा. "x = 30" हे त्या प्रश्नाचं उत्तर नाही, ती एका समीकरणाची उकल आहे. प्रश्नात वाढलेला वेग विचारला असता तर याच दुहेरी चौकटीतलं 30 चूक ठरलं असतं, आणि घाईत तपासणाऱ्याने त्यालाही बरोबरची खूण केली असती. स्पष्ट उत्तराची माझी व्याख्या साधी आहे: प्रश्न आणि शेवटचं वाक्य एवढंच वाचणाऱ्या माणसाला, मधलं काही न पाहता, काय विचारलं आणि काय मिळालं ते एककासह कळलं पाहिजे. दुसऱ्या फोटोतलं सावलीतलं वाक्य या कसोटीला उतरतं. "x = 30 किंवा x = −40" अशा दोन्ही किमती चौकटीत ठेवणारी मुलंही असतात. ती निवड तपासणाऱ्यावर सोडतात, आणि आपण भलेपणाने ती करून टाकतो. तुलनेत तो भलेपणा बाजूला ठेवायला हवा.

मांडणीबद्दल मी बेफिकीर आहे, असा समज कुणी करून घेऊ नये. अक्षर आणि ओळ नीट नसेल तर गणित चुकतं, हे मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. b चा 6 होतो. ओळ बदलताना उणे चिन्ह मागच्याच ओळीच्या टोकाला राहून जातं. अपूर्णांकाची रेघ आखूड पडली की x + 10 मधला 10 छेदाबाहेर घसरतो. एकच बरोबरीचं चिन्ह ओढत नेण्याची सवय तर फारच वाईट: 15 × 4 = 60 + 20 = 80 ÷ 2 = 40. यातलं प्रत्येक गणित मुलाच्या मनात बरोबर आहे, पण कागदावर 15 × 4 आणि 40 समान झाले. 1557 मध्ये रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने हे चिन्ह पहिल्यांदा छापलं तेव्हा त्याने दोन समांतर, सारख्या लांबीच्या रेघा मुद्दाम निवडल्या, कारण त्यांच्याइतक्या समान दुसऱ्या कोणत्या दोन गोष्टी नाहीत, असं त्याला वाटलं. आमची मुलं त्याच चिन्हाचा उपयोग 'आणि मग' एवढ्याच अर्थाने करतात. हा मांडणीचा दोष क्रमालाच जाऊन भिडतो, म्हणून तुलनेत तो धरलाच पाहिजे. समासाची रंगीत रेघ आणि दुहेरी चौकट मात्र धरू नये.

खाडाखोडीचं काय करायचं, यावर आमच्यात सर्वाधिक वाद होतात. माझं मत असं की खोडलेला भाग तुलनेत वजा धरू नये, आणि मुलांना खोडरबर किंवा पांढरा रंग वापरू न देता एका आडव्या रेघेने खोडायला सांगावं. दुसऱ्या फोटोतली ती फुली म्हणजे त्या पानावरचं सगळ्यात मोलाचं काम होतं. विवेचक ऋण आला म्हणून त्या मुलाने 'उत्तर नाही' असं लिहून गणित सोडून दिलं नाही. टेम्पो तर रस्त्यावर धावतोय, तेव्हा वेग असणारच, म्हणजे मांडणीत काहीतरी उलटं झालंय, असा तो मागे गेला आणि वजाबाकीचा क्रम बदलला. पहिल्या फोटोतल्या मुलीचीही अशी चूक झाली असेल. ती खोडरबराने पुसली गेली असेल तर तिने ती कशी शोधली, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

आणि मग फोटोचा स्वतःचा प्रश्न आहे. आपण गणितांची तुलना करतो असं म्हणतो, पण कितीदा तरी मोबाईलचीच तुलना करत असतो. सांगलीच्या विश्रामबागेतल्या मुलाकडे कागद स्कॅन करणारं ॲप असतं. ते पान सरळ करतं, पार्श्वभूमी पांढरीशुभ्र करतं. जतजवळच्या वस्तीवरची मुलगी वडील रानातून आल्यावर त्यांचा मोबाईल घेते आणि बल्बच्या पिवळ्या उजेडात फोटो काढते. सावली तिच्या डोक्याचीच पडते. यावर उपाय आहेत आणि ते फुकट आहेत: सकाळच्या उजेडात खिडकीशी फोटो काढा, मोबाईल पानाला समांतर धरा, पानाचे चारही कोपरे दिसू द्या, पानावर क्रमांक टाका. तरीही फरक राहणारच. म्हणून फोटो अस्पष्ट असेल तर पुन्हा मागवावा, पण त्यासाठी त्याला खालचा क्रमांक देऊ नये.

उलट बाजूने, त्या पांढऱ्याशुभ्र फोटोंवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. काळंपांढरं करणारी ती सोय पेन्सिलीच्या फिकट खुणा पुसून टाकते, आणि त्यात पहिला बळी उणे चिन्हाचा आणि दशांशचिन्हाचा जातो. "x² + 10x 1200 = 0" अशी मध्ये मोकळी जागा असलेली ओळ दिसली तर पुढची ओळ पाहावी. पुढचे अवयव −1200 चेच पाडलेले असतील तर चिन्ह वहीत आहे, फोटोत गेलं. अवयवही चुकलेले असतील तर ते वहीतच नव्हतं. कोपरा कापला गेल्याने उत्तराचं वाक्यच न दिसणं हेही नेहमीचं. ते दिसत नाही म्हणजे लिहिलं नाही, असं धरू नये.

राहिला प्रश्न वेळेचा, कारण तीन वेळा पाहायचं म्हटलं की सगळे शिक्षक वेळेचंच नाव काढतात. गुण देण्यापेक्षा दोन वस्तू शेजारी ठेवून 'यातली कोणती सरस' एवढंच ठरवणं माणसाला जास्त नेमकं जमतं, या कल्पनेवर थर्स्टन या मानसशास्त्रज्ञाने 1927 मध्ये मोजमापाची पद्धतच उभी केली. ती आपल्याला सहज वापरता येते. तीस फोटो असतील तर सगळ्या जोड्या 435 होतात, पण सगळ्या पाहायची गरज नसते. प्रत्येक फोटो दहा वेगवेगळ्या फोटोंशेजारी आला तरी पुरतं, म्हणजे 150 जोड्या. पाच शिक्षकांत वाटल्या तर प्रत्येकाला तीस. क्रमासाठी जोडीला एक मिनिट धरलं तरी अर्ध्या तासाचं काम. उत्तर आणि मांडणी पाहायला त्याहून कमी वेळ लागतो. दोन शिक्षकांना एकच जोडी देऊन निकाल वेगळा आला, तर तेवढ्याच जोडीवर बैठकीत बोलावं. या पद्धतीला मर्यादाही आहेत. दोन्ही फोटो एकाच प्रश्नाचे हवेत. एका गुणाच्या प्रश्नाला तिचा उपयोग नाही. आणि 'सरस कोणतं' असा मोघम प्रश्न विचारला, तर सुंदर अक्षर पुन्हा मागच्या दाराने आत येतं. म्हणून प्रश्न एकेकच विचारायचा.

मांडणीला वेगळे गुण ठेवा, नाहीतर मुलं गबाळी होतील, असं आमच्यातले एक ज्येष्ठ सर म्हणतात. त्यांची काळजी मला पटते, उपाय पटत नाही. मांडणीला वेगळे गुण ठेवले की मुलं ते गुण सर्वात सोप्या मार्गाने मिळवतात: गणित कच्च्या कागदावर सोडवायचं, चुका तिथेच टाकायच्या, आणि वहीत फक्त शेवटचं रूप सुबकपणे उतरवायचं. उतरवताना 'समजा' जातं, कारण जातं, ताळा जातो, कारण हे सगळं जागा खातं आणि देखणं दिसत नाही. पहिला फोटो असाच तयार झाला असणार, असा माझा अंदाज आहे.

हे मी अंदाजानेच म्हणत होतो. दुसऱ्या फोटोच्या मुलाला मात्र मी स्वतः सांगितलं होतं, "बाळा, हेच गणित स्वच्छ लिहून पाठव, सगळ्यांना दाखवायचंय." दुसऱ्या दिवशी फोटो आला. सरळ, खिडकीच्या उजेडात काढलेला, अक्षर टपोरं. खोडलेला भाग नव्हता, "वेग वाढला की वेळ कमी" नव्हतं, ताळाही नव्हता. शेवटी पट्टीने आखलेली चौकट होती आणि तिच्यात x = 30. मी त्याला फोन केला आणि विचारलं, बाकीचं कुठे गेलं? तो म्हणाला, "सर, ते कच्चं होतं ना?" त्या रात्री मी गटावर त्याचे दोन्ही फोटो टाकले, कच्चा वर आणि पक्का खाली, आणि मुलांना विचारलं की वरच्या फोटोतलं काय काय खाली आलेलं नाही.